31 मार्चला आधी कुणाचं बिल द्यायचं?

मार्च संपत आला की वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या छोट्या कारखान्यांत एकच हिशोब चालतो: खात्यात आहेत तेवढे पैसे कुणाला द्यायचे? जो रोज फोन करतो त्याला, ज्याचा माल उद्या लागणार आहे त्याला, की ज्याच्याशी संबंध टिकवायचे आहेत त्याला? आर्थिक वर्ष 2023-24 पासून या हिशोबात आयकरही येऊन बसला आहे. कुणाचं बिल कधी दिलं यावर आता तुमचा कर ठरतो. आणि जो सगळ्यात जास्त ओरडतो, त्याचं बिल कराच्या दृष्टीने बहुतेक वेळा सगळ्यात बिनमहत्त्वाचं निघतं.

नियम आहे आयकर कायद्याच्या कलम 43बी मधल्या (एच) या उपकलमाचा. 2023 च्या वित्त कायद्याने तो आणला. तो सांगतो एवढंच: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला द्यायचे पैसे तुम्ही एमएसएमई कायद्यातल्या मुदतीनंतर दिले, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच वजा मिळेल. माल या वर्षी आला, वापरला, विकला, त्यावरचा नफाही या वर्षी धरला, पण पैसे मुदत टाळून पुढच्या वर्षी दिले, तर खर्च पुढच्या वर्षात जाणार. या वर्षीचा नफा तेवढा फुगणार आणि त्यावर कर भरावा लागणार. सीए मंडळींच्या बोलण्यात याला खर्च ‘डिसअलाउ झाला’ म्हणतात.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याच्या जागी 2025 चा नवा आयकर कायदा आला आहे. कलमांचे क्रमांक त्यात बदललेत, पण हा नियम तसाच पुढे आला आहे. खालचं उदाहरण जुन्या कायद्यातल्या वर्षांचं आहे, म्हणून जुनाच क्रमांक वापरतो. लोकांच्या तोंडीही अजून तोच आहे.

पंधरा की पंचेचाळीस

मुदत किती, हे आयकर कायदा सांगत नाही. त्यासाठी 2006 च्या एमएसएमई विकास कायद्याचं कलम 15 बघावं लागतं. बाजारात सगळे ‘पंचेचाळीस दिवसांचा नियम’ म्हणतात, आणि अर्धी गडबड या नावामुळेच होते. पंचेचाळीस दिवस आपोआप मिळत नाहीत. खरेदीदार आणि पुरवठादार यांच्यात मुदतीचा लेखी करार असेल, तरच कराराची मुदत चालते, आणि ती कितीही लिहिली तरी पंचेचाळीस दिवसांच्या पुढे जात नाही. लेखी काहीच नसेल, तर पंधरा दिवसांच्या आत पैसे गेले पाहिजेत. करारात तीस दिवस लिहिले असतील तर मुदत तीसच.

आपल्याकडे जॉबवर्कची कामं बहुतेक तोंडी चालतात. ‘माल पाठवून द्या, बघू महिन्या-दीड महिन्यात’ एवढ्यावर वर्षानुवर्षं व्यवहार होतो. कायद्याच्या लेखी त्या शब्दाला किंमत नाही. तिथे मुदत पंधरा दिवसांचीच.

दिवस मोजायचे कुठून, यावरही गोंधळ होतो. बिलाच्या तारखेपासून नव्हे, माल स्वीकारल्यापासून मोजायचे. साधारणपणे माल गेटवर पोचला तो दिवस धरायचा. माल पोचल्यापासून पंधरा दिवसांच्या आत तुम्ही लेखी हरकत घेतली (पार्ट नापास झाले, कोटिंग उडालं, माप चुकलं), तर पुरवठादाराने ती हरकत दूर केली तो दिवस स्वीकारल्याचा धरतात. यात ‘लेखी’ या शब्दावर सगळं अवलंबून आहे. सुपरवायझरने फोनवर शिव्या घातल्या म्हणजे हरकत नोंदवली असं होत नाही. साधा ईमेल, रिजेक्शन नोट, काहीतरी कागदावर हवं. दोन महिन्यांनी पैसे मागायला आल्यावर ‘तुमचा माल खराब होता’ म्हणणाऱ्यांना कायद्याने इथे वाट ठेवलेली नाही, आणि ते बरंच झालं.

म्हणून बिलावरची तारीख आणि इनवर्ड रजिस्टरची किंवा जीआरएनची तारीख वेगळी असेल, तर रजिस्टरची तारीख जपून ठेवा. पुरवठादार 25 फेब्रुवारीला बिल काढतो आणि टेम्पो 3 मार्चला येतो, हे रोजचंच आहे. तेवढे सहा दिवस तुमच्या बाजूचे आहेत.

नियम कुणाच्या बिलांना लागतो

सूक्ष्म आणि लघु, एवढ्याच. मध्यम उद्योगाला नाही. खरेदीदार किती मोठा आहे याने फरक पडत नाही. तुम्ही स्वतः सूक्ष्म असाल तरी हा नियम तुम्हालाही लागतो. ‘लघु’ म्हणजे फार लहान, असंही समजू नका. 1 एप्रिल 2025 पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक 25 कोटींपर्यंत आणि उलाढाल 100 कोटींपर्यंत असलेला उद्योग लघुच गणला जातो. त्याआधी या मर्यादा 10 कोटी आणि 50 कोटी होत्या. म्हणजे तुमच्यापेक्षा दहा पट मोठा पुरवठादारही या नियमाच्या छायेत असू शकतो.

पुरवठादाराची उद्यम नोंदणी हवी. तिचा क्रमांक UDYAM-MH असा सुरू होतो आणि udyamregistration.gov.in वर तो टाकून खरा आहे का ते तपासता येतं. प्रमाणपत्रावर दोन गोष्टी बघायच्या. एक, त्या वर्षासाठीचा प्रकार सूक्ष्म, लघु की मध्यम. दुसरी, मुख्य काम उत्पादन, सेवा की व्यापार.

ही दुसरी गोष्ट फार लोक बघत नाहीत, आणि पैसा तिथेच आहे. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा खुली झाली, पण केंद्राच्या त्या आदेशातच लिहिलं आहे की त्यांना फायदा फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. उशिरा पैसे मिळाल्याच्या तरतुदी त्यांना लागू नाहीत. या आधारावर निव्वळ व्यापाऱ्याची थकबाकी 43बी (एच) मध्ये धरत नाहीत. तुमच्या पत्रा-डीलरकडे उद्यमचं प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेम करून लावलेलं असेल, तरी तो व्यापारी असेल तर हा नियम त्याच्या बिलाला नाही.

लातूरच्या डाळ मिलवाल्यांना यात दिलासा आहे. त्यांची सगळ्यात मोठी खरेदी तुरीची आणि हरभऱ्याची. ती आडत्याकडून होते किंवा थेट शेतकऱ्याकडून. शेतकरी हा उद्यममधला उद्योग नाही, आणि आडत्या माल घेऊन विकत असेल तर तो व्यापारात मोडतो. पण ज्या कारखान्याकडून छापील पिशव्या येतात, जो वर्कशॉपवाला रोलर दुरुस्त करून देतो, ज्या एजन्सीचे वॉचमन गेटवर उभे असतात, ते सगळे उत्पादक किंवा सेवा देणारे. त्यांची बिलं यात येतात. गंमत म्हणजे हा सगळा हिशोब करून देणाऱ्या सीएने स्वतःची उद्यम नोंदणी केली असेल तर त्याची फीसुद्धा येते. ती मात्र लोक वर्षभर लांबवतात आणि सीए साहेब संकोचाने काही बोलत नाहीत.

नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी. मागाहून नोंदणी काढून जुन्या बिलांवर या कायद्याचा लाभ मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या एका निकालात म्हटलं होतं.

एका कारखान्याचा हिशोब

आता हे आकड्यांत घालून बघू. वाळूजमधली एक भागीदारी संस्था समजा. प्रेस पार्ट बनवते आणि मोठ्या वाहन कंपनीच्या पुरवठादाराला देते. म्हणजे साखळीतली तिसरी कडी. आर्थिक वर्ष 2024-25 चा नफा, भागीदारांचं मानधन वगैरे सगळं वजा जाता, 18 लाख रुपये. भागीदारी संस्थेला कर 30 टक्के आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2 टक्के. 18 लाखांवर कर झाला 5,61,600 रुपये.

वर्षअखेरीचे तीन पुरवठादार बघू. पुढच्या सगळ्या रकमा जीएसटी सोडून आहेत. बिलातला जीएसटी आपण इनपुट क्रेडिटमध्ये घेतो, खर्चात धरत नाही. खर्चात धरलाच नाही तर तो नामंजूर होण्याचाही प्रश्न येत नाही.

पहिला चिकलठाण्याचा पावडर कोटिंगवाला. सूक्ष्म, सेवा देणारा, कसलाही लेखी करार नाही. म्हणून मुदत पंधरा दिवस. त्याची तीन बिलं आहेत. पहिलं 3 लाखांचं, काम स्वीकारलं 12 फेब्रुवारीला. मुदत 27 फेब्रुवारीपर्यंत होती, पैसे दिले 20 मार्चला. उशीर झाला, पण पैसे त्याच आर्थिक वर्षात गेले, म्हणून खर्च 2024-25 मध्येच मिळतो. दुसरं 4 लाखांचं, स्वीकारलं 5 मार्चला. मुदत 20 मार्च, पैसे गेले 28 एप्रिलला. मुदत टळली आणि वर्षही ओलांडलं, म्हणून हे 4 लाख 2024-25 मधून बाहेर. तिसरं 2 लाखांचं, स्वीकारलं 24 मार्चला. त्याची मुदत 8 एप्रिलपर्यंत होती. 31 मार्चला ते थकलेलं नव्हतंच. 5 एप्रिलला पैसे दिले असते तर खर्च 2024-25 मध्येच मिळाला असता. पण तेही 28 एप्रिलला दिलं, म्हणून हे 2 लाखही बाहेर.

दुसरा पुरवठादार खोके बनवणारा. लघु उद्योग, उत्पादक. पीओवर स्वच्छ लिहिलेलं: पेमेंट 90 दिवस. माल आला 20 जानेवारीला, रक्कम 5 लाख. पैसे दिले 19 एप्रिलला, म्हणजे 89 व्या दिवशी. मालक शब्दाला जागला. तरीही खर्च नामंजूर. का, तर कराराच्या नव्वदपैकी कायदा पंचेचाळीसच मानतो, आणि पंचेचाळिसावा दिवस 6 मार्चलाच होऊन गेला.

अशा वेळी कारखान्याच्या ऑफिसात होणारा संवाद ठरलेला असतो.

‘अहो, त्यानेच सही केलीय ना नव्वद दिवसांवर? त्याची तक्रार नाही, मग खात्याला काय त्रास?’

‘त्याची तक्रार असो नसो, भाऊ. कायद्याने पंचेचाळीसच्या पुढचं लिहिलेलं धरायचंच नाही.’

तिसरा जालन्याचा पत्रा-डीलर. जानेवारीपासून 9 लाख थकलेले. तिघांत हाच सगळ्यात मोठा आणि हाच रोज फोन करणारा. पण तो व्यापारी आहे. त्याच्या थकबाकीमुळे एक रुपयाही नामंजूर होत नाही.

एकूण नामंजूर झाले 4, 2 आणि 5 मिळून 11 लाख. नफा धरला जाणार 29 लाख, कर 9,04,800 रुपये. म्हणजे 3,43,200 रुपये जास्त. ध्यानात घ्या, या संस्थेने खोटा खर्च दाखवलेला नाही, रोखीने काही दिलेलं नाही, कुणाचे पैसे बुडवलेले नाहीत. एप्रिलअखेर सगळे पैसे पोचलेसुद्धा.

वर आणखी एक. हा वाढीव कर पुष्कळदा ऑडिटच्या वेळी लक्षात येतो. तोवर आगाऊ कर भरण्याची 15 मार्चची तारीख निघून गेलेली असते. म्हणून त्यावर एप्रिलपासून दरमहा एक टक्का व्याज लागू शकतं.

आता याच संस्थेला मागे नेऊन 31 मार्चच्या सकाळी उभं करू. खात्यात 5 लाख शिल्लक आहेत. पत्र्यावाल्याला देऊन त्याचं तोंड बंद करायचा मोह होईल. पण ते पाच लाख खोकेवाल्याला त्या दिवशी दिले, तर त्याची मुदत टळलेली असूनही खर्च त्याच वर्षात मिळतो आणि 1,56,000 रुपयांचा कर वाचतो. पावडर कोटिंगवाल्याचं 4 लाखांचं बिलही त्याच रांगेत आहे, कारण त्याचीही मुदत संपलेली आहे. 24 मार्चचं 2 लाखांचं बिल मात्र थांबू शकतं. त्याला 8 एप्रिलपर्यंत वेळ आहे. म्हणजे 31 मार्चला थकबाकीची एकूण यादी बघून उपयोग नाही. उत्पादक आणि सेवा देणारे वेगळे काढायचे. त्यांची ज्यांची मुदत टळली आहे ती बिलं 31 मार्चच्या आत द्यायची, आणि ज्यांची मुदत एप्रिल-मेमध्ये संपते ती त्या त्या तारखेच्या आत. व्यापारी शेवटी.

आणि एका कागदाने काय झालं असतं तेही बघा. पावडर कोटिंगवाल्याशी 45 दिवसांचा साधा लेखी करार केला असता, तर 24 मार्चच्या बिलाची मुदत 8 मे झाली असती. 28 एप्रिलचं पेमेंट वेळेत बसलं असतं आणि 2 लाख वाचले असते. 5 मार्चच्या बिलाची मुदत मात्र 19 एप्रिलला संपली असती. 28 एप्रिलला दिलं म्हणून ते करार असूनही नामंजूरच झालं असतं, पण नऊ दिवस आधी दिलं असतं तर नाही. करार म्हणजे काही स्टॅम्पपेपरवरचं बाड लागत नाही. दोन्ही बाजूंनी मान्य केलेली, मुदत स्पष्ट लिहिलेली वर्षभराची पीओ पुरते. सहीची एक प्रत फाइलला असली पाहिजे. आणि ती माल घेण्याच्या आधीची असली पाहिजे. मार्चमध्ये बसून मागच्या तारखेचे करार बनवण्याची टूम काही ठिकाणी निघाली आहे. त्यातली जोखीम या दोन-तीन लाखांपेक्षा मोठी आहे, एवढंच सांगतो.

पैसे बुडतात की अडकतात

नामंजूर झालेले 11 लाख 2025-26 मध्ये खर्च म्हणून मिळतात, कारण पैसे त्या वर्षी दिले. म्हणून बरेच जण म्हणतात की काही बुडत नाही, एक वर्ष पुढे जातं इतकंच. कागदावर ते बरोबर आहे. पण पुढच्या मार्चलाही बिलं देण्याची पद्धत तीच राहिली, तर जुने 11 लाख आत येतात आणि नवे 11 लाख बाहेर जातात. पहिल्या वर्षी अडकलेले साडेतीन लाख सवय सुटेपर्यंत अडकूनच राहतात. आणि पुढचं वर्ष तोट्याचं गेलं, तर तो खर्च मिळूनही त्या वर्षी कर काही कमी होत नाही, कारण कमी व्हायला करच नसतो. चालू भांडवल बँकेच्या सीसी खात्यावर घेणाऱ्या कारखान्याला साडेतीन लाख अडकणं म्हणजे तेवढ्या रकमेवर वर्षभराचं व्याज.

जे कायमचं जातं ते वेगळंच आहे, आणि त्याकडे कुणी बघत नाही. एमएसएमई कायद्याप्रमाणे उशीर झालेल्या प्रत्येक दिवसाचं व्याज पुरवठादाराला द्यावं लागतं. दर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. 2025 च्या मार्चमध्ये बँक रेट साडेसहा टक्के होता, म्हणजे व्याज साडेएकोणीस टक्के. खोकेवाल्याच्या 5 लाखांवर 7 मार्च ते 19 एप्रिल हे 44 दिवस धरले तर साधारण साडेअकरा हजार होतात. पावडर कोटिंगवाल्याचं ते पहिलं, 20 मार्चला दिलेलं बिल आठवतंय? खर्च मिळाला, पण त्यावरचंही व्याज देणं लागतंच. आणि हे व्याज तुम्ही दिलं काय किंवा नुसतं खात्यात धरलं काय, आयकरात ते कधीही वजा मिळत नाही. या वर्षीही नाही, पुढच्याही नाही. बिलाची रक्कम अडकते, व्याज बुडतं.

नेहमी चुकतं ते

सगळ्यात जास्त चुकणारी समजूत ही: ‘रिटर्न भरायच्या आधी दिलं की चालतं.’ ही समजूत हवेतून आलेली नाही. याच 43बी मध्ये जीएसटी, कर्मचाऱ्यांचा बोनस, बँकेचं व्याज असे खर्च येतात आणि ते 31 मार्चला बाकी असले तरी रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आत भरले तर त्याच वर्षात मिळतात. (एच) आणताना ही सवलत मुद्दाम वगळली. जुलै-सप्टेंबरात पैसे देऊन मार्चचा खर्च वाचत नाही.

दुसरी चूक पुढच्या तारखेच्या चेकची. 31 मार्चला पुरवठादाराच्या हातात 20 एप्रिलचा चेक ठेवला आणि टॅलीत 31 मार्चचं पेमेंट नोंदवलं, म्हणून पैसे मार्चमध्ये दिले असं होत नाही. बँकेचा उतारा समोर आला की ते उघडं पडतं.

तिसरी चूक साधी आहे आणि ती प्रामाणिक लोकांनाच भोवते. आपल्याकडे पेमेंट राउंड फिगरमध्ये जातं. थकबाकी 7,43,260 असेल तर ‘पाच लाख सोडा’ म्हणून पाच लाख सुटतात आणि अकाउंटंट टॅलीत ते ‘ऑन अकाउंट’ टाकतो. वर्षअखेरीला खाती उघडल्यावर कोणत्या बिलाचे पैसे गेले हे कुणालाच सांगता येत नाही. पुरवठादाराने ते ताज्या बिलात धरलेले, तुम्ही जुन्या. प्रत्येक पेमेंट बिलासमोर लावायचं आणि पैसे पाठवताना बिलांचे नंबर पुरवठादाराला कळवायचे, याला पर्याय नाही. टॅक्स ऑडिट ज्यांना लागतं त्यांच्या अहवालात, फॉर्म 3सीडी मध्ये, सूक्ष्म-लघु पुरवठादारांची मुदतीत दिलेली आणि न दिलेली रक्कम दाखवावी लागते. बिलवार नोंदी नसतील तर ऑडिटर एकतर सगळं जुनं धरेल, नाहीतर तुमच्याकडून लिहून घेईल.

यंत्र घेतलं आणि त्याचे पैसे थकले, तर ती भांडवली खरेदी. ती खर्चात टाकलेलीच नसते, म्हणून हा नियम तिथे येत नाही. आणि जे छोटे व्यावसायिक 44एडी खाली उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर कर भरतात, त्यांनाही याची झळ नाही. त्यांचा खर्च वेगळा मोजलाच जात नाही.

पुरवठादाराच्या बाजूने

नियम आणला तो त्या पावडर कोटिंगवाल्यासाठी. त्याला काय मिळालं? मार्चमध्ये खरंच फरक पडलेला दिसतो. फेब्रुवारीच्या शेवटी मोठ्या कंपन्यांचे ईमेल सुरू होतात: तुमचं उद्यम प्रमाणपत्र पाठवा, प्रकार कळवा. ज्यांचे पैसे दिवाळीपासून अडकलेले असतात, त्यांना मार्चच्या शेवटच्या दिवसांत आरटीजीएस येतो. पण उदाहरणातलं पहिलं बिल परत बघा. उशीर त्याच वर्षात भरून निघाला तर आयकर काही बोलत नाही. मे महिन्यात दिलेल्या मालाचे पैसे फेब्रुवारीत आले, तरी खरेदीदाराचा खर्च मंजूर. म्हणजे वर्षातले दहा महिने या नियमाचा दाब जवळजवळ नसतोच. त्या दहा महिन्यांत पुरवठादाराकडे हत्यार एकच: तिप्पट व्याज, आणि ते वसूल करायला एमएसएमई कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे तक्रार. कौन्सिलच्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर खरेदीदाराला ठरलेल्या रकमेच्या 75 टक्के आधी भरावे लागतात, इतकी ती तरतूद कडक आहे. तरी चालू गिऱ्हाइकाविरुद्ध तिथे सहसा कुणी जात नाही. ज्याची ऑर्डर बंद झाली आहे तोच जातो.

आपली वाळूजची संस्था तर दोन्ही बाजूंनी आहे. वरच्या कंपनीकडून तिला नव्वद दिवसांनी पैसे येतात आणि खाली तिला पंधरा ते पंचेचाळीस दिवसांत द्यायचे. ती स्वतः लघु असेल, तर वरच्या कंपनीलाही हेच 45 दिवस लागू आहेत. पण हे तिला वर सांगावं लागतं. उद्यम क्रमांक आणि ‘लघु, उत्पादक’ असा प्रकार प्रत्येक बिलावर छापलेला असेल, तर वरच्या कंपनीच्या लेखा विभागाला ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही. त्यांचा ऑडिटर मार्चमध्ये नेमकं हेच शोधत असतो.

काही खरेदीदार उलटा उपाय सुचवतात: उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर काम मध्यम उद्योगाला देऊ. हा नियम आल्यावर पहिल्याच वर्षी अशी कुजबुज पुष्कळ ऐकू आली. नोंदणी रद्द केली तर व्याजाचा हक्क जातो, कौन्सिलचा रस्ता जातो, आणि या नोंदणीवर मिळणाऱ्या बँकेच्या सवलतीही हातच्या जातात. त्याच्या बदल्यात मिळतं ते फक्त आणखी उशिरा पैसे घेण्याचं स्वातंत्र्य. असं कुणी म्हटलं, तर ते ईमेलवर लिहून द्यायला सांगा. लिहून द्यायला सहसा कुणी तयार होत नाही.